बुडबुडा कुठून येतो?

उद्योग संघटनेच्या कार्यक्रमाचा पास कंपनीत वरून खाली कसा येतो, हे ज्याने पाहिलंय त्याला गुरुत्वाकर्षण वेगळं शिकवावं लागत नाही. पास येतो मालकांच्या नावाने. मालकांना नेमकं त्या संध्याकाळी लग्न असतं. पितृपंधरवडा असला तरी असतं. मग तो परचेसच्या टेबलावर उतरतो. परचेसवाल्यांचा गुडघा दुखत असतो, कारण कार्यक्रमाला गेलं की ज्यांची बिलं अडकवून ठेवली आहेत ते सगळे एका छताखाली भेटतात. तिथून पास स्टोअरमार्गे क्वालिटीत येतो, आणि क्वालिटी म्हणजे मी. पास दोन असतात. दुसरा कुणालाच नको असतो, म्हणून तो इंटर्नला मिळतो आणि वर तिला सांगण्यात येतं, ‘‘चांगली संधी आहे, सोडू नकोस.’’

आमची कंपनी भोसरीत. अ‍ॅल्युमिनियमच्या डायकास्ट हाउसिंग बाहेरून येतात, आम्ही त्यांचं मशिनिंग करतो, लीक टेस्ट करतो आणि पुढे पाठवतो. इंटर्न मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची. तिला आम्ही लीक टेस्टच्या टाकीपाशी बसवलं होतं. हाउसिंगची सगळी तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून शेवटी बुडबुडे मोजते आहे, असं तिच्या आईचं मत होतं. आईला मी दोष देत नाही.

कार्यक्रमाला ती निघाली तेव्हा अंगावर रूममेटचा ब्लेझर होता आणि हातात एक फोल्डर. फोल्डरमध्ये बायोडेटाच्या दहा प्रती. मी फोल्डर माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकायला लावला. अशा ठिकाणी हातात बायोडेटा दिसला की समोरचा माणूस आपली प्लेट जरा घट्ट धरतो. त्याला वाटतं, आता ही काहीतरी मागणार. तो मनातल्या मनात ‘एचआरला पाठव’ हे वाक्य तयार ठेवतो आणि तुमचं उरलेलं बोलणं ऐकतच नाही.

दारात बॅजचं टेबल होतं. बॅज हा या कार्यक्रमांमधला सर्वात कमी अभ्यासला गेलेला विषय आहे. त्यावर कंपनीचं नाव मोठं, तुमचं नाव लहान, आणि हुद्दा कुणी भरलाच नसेल तर ‘डेलिगेट’. आमच्या इंटर्नचं पद एका रात्रीत वाढून ती डेलिगेट झाली होती. पण खरी गंमत दोरीत असते. बॅजला वर मधोमध एकच भोक असेल आणि दोरीला एकच हूक, तर तो गळ्यात गरागरा फिरतो आणि कायम उलटा होऊन थांबतो. उलट्या बाजूला प्रायोजकाची जाहिरात. त्यामुळे त्या हॉलमध्ये जो दिसेल तो एका कटिंग ऑइलच्या कंपनीचा माणूस होता. दोन कोपऱ्यांना दोन भोकं पाडली की बॅज सरळ राहतो. हे इंजिनिअरांनी भरलेल्या हॉलमध्ये इतक्या वर्षांत कुणालाही सुचलेलं नाही. इंटर्नने मात्र पर्समधली सेफ्टी पिन काढून बॅज ब्लेझरच्या उजव्या बाजूला टाचला. हात मिळवताना माणसाची नजर समोरच्याच्या उजव्या खांद्याकडे सहज जाते, नाव तिथे असावं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. रूममेटच्या ब्लेझरला भोक पडलं, तो त्यांचा आपसातला प्रश्न.

पत्रिकेवर साडेपाच होते. दीपप्रज्वलन सव्वासहाला झालं, कारण समईची वात भिजवायचं काम कुणाचं यावर संयोजकांत एकमत नव्हतं. मग स्वागत, शाल, श्रीफळ, गाड्यांचं वजन कमी करण्यावर एक बरं भाषण, त्यावर एक चर्चासत्र. चर्चासत्रात प्रत्येक वक्त्याने ‘मी दोनच मिनिटं घेतो’ म्हणून घड्याळाचा अपमान केला. शेवटी निवेदिकेने जाहीर केलं, ‘‘आता नेटवर्किंग आणि भोजन.’’ हॉलने फक्त शेवटचा शब्द ऐकला.

आणि मग जे दरवेळी होतं तेच झालं. चाकणचे चाकणवाल्यांपाशी गेले, भोसरीचे भोसरीवाल्यांपाशी, एकाच कंपनीतून एकाच गाडीने आलेले चौघे एकाच टेबलाभोवती उभे राहून त्याच पॅकिंगच्या तक्रारीवर बोलू लागले, जिच्यावर ते दुपारी बोलत होते. याबद्दल आपल्या लोकांना नावं ठेवायचं कारण नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमधल्या पॉल इनग्रॅम आणि मायकल मॉरिस या दोघांनी अशाच एका मेळाव्यात शंभरेक अधिकाऱ्यांच्या गळ्यात इलेक्ट्रॉनिक बॅज अडकवून कोण कुणाशी किती वेळ बोलतो ते मोजलं होतं. 2007 साली त्यांचा निबंध आला. येण्यापूर्वी बहुतेकांनी लिहून दिलं होतं की आम्हाला नवीन माणसांना भेटायचंय. प्रत्यक्षात त्यांचा निम्मा वेळ आधीच ओळखीच्या असलेल्या माणसांमध्ये गेला. आणि त्या संध्याकाळी सर्वात यशस्वी नेटवर्किंग कुणी केलं? बारटेंडरने. त्याच्याकडे सगळ्यांना एकदा तरी जावंच लागत होतं.

आमच्याकडे बार नव्हता, पण डोशाचा लाइव्ह काउंटर होता. आता हे जरा नीट सांगतो, कारण इंटर्नसाठी हॉलमधली सगळ्यात मोलाची जागा हीच. दाराजवळ उभं राहिलात तर येणारा माणूस ओळखीचा चेहरा शोधत असतो, तो तुमच्या डोक्यावरून पाहतो. गोल करून उभे असलेल्यांकडे जावं, तर त्यांचे खांदे एकमेकांना चिकटलेले असतात. असल्या बंद गोलाच्या बाहेर हसतमुखाने उभं राहणं ही एक शिक्षा आहे. आतले लोक हसले की आपणही हसायचं, विनोद कळलेला नसतो. दोघे जण समोरासमोर तोंड करून हळू बोलत असतील तर बहुधा रेटचं बोलणं चाललेलं असतं, तिथे तर फिरकूसुद्धा नये. डोशाच्या रांगेत मात्र सगळं आपोआप होतं. तव्यावर एका वेळी तीन डोसे, एका घाण्याला चारेक मिनिटं, पुढे आठ माणसं. तुमच्या पुढचा आणि मागचा माणूस कितीही मोठा असला तरी डोसा सोडून जात नाही. बोलणं रंगलं नाही तर डोसा मिळाला की दोघांचीही अब्रूने सुटका होते. शिवाय रांगेत हात मोकळे असतात. एका हातात भरलेली प्लेट, दुसऱ्यात पाण्याचा ग्लास आणि समोरून हस्तांदोलनासाठी आलेला हात, या पेचात मी चांगले चांगले जनरल मॅनेजर घामाघूम झालेले पाहिले आहेत. एकाने तर ग्लास दातांत धरला होता.

रांगेत इंटर्नच्या पुढे चाळिशीतले एक गृहस्थ होते. मोठ्या कंपनीचे. त्यांनी बॅजवरचं आडनाव वाचलं आणि आपल्याकडची जुनी पद्धत सुरू झाली. ‘‘म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?’’ मग गाव, मग तालुका, मग तिथले ते अमुक वकील तुमचे कोण. मराठी माणसाचं नेटवर्किंग आडनावावरून सुरू होतं आणि मामाच्या गावाला पोचून थांबतं. यात जिव्हाळा असतो, नाही असं नाही. पण त्या प्रश्नाच्या पोटात कधीकधी दुसराच प्रश्न दडलेला असतो आणि तो ज्यांना आयुष्यभर विचारला गेलाय त्यांना तो बरोबर ऐकू येतो. इंटर्नने गाव सांगितलं, तालुका सांगितला आणि वकिलांपाशी गाडी थांबवून विचारलं, ‘‘सर, तुमच्याकडे ट्रेनींची भरती कोणत्या महिन्यात असते?’’ गृहस्थ म्हणाले, पोर्टलवर असतं सगळं. डोसा आला, ते गेले.

तिच्या मागे एक वयस्कर गृहस्थ होते. हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, बॅज खिशात. त्यांनी विचारलं, ‘‘काय करतेस तू?’’

इथे एक सांगतो. विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारला की तो हजेरी देतो. नाव, कॉलेज, शाखा, सेमिस्टर, सीजीपीए, प्रोजेक्टचा विषय. समोरच्याला यातलं काहीही पुढे नेता येत नाही. ‘आठ पॉइंट चार’ यावर ‘वा’ यापलीकडे माणूस काय बोलणार? मी शेजारच्या चटणीपाशी उभा राहून कान देऊन होतो. ती म्हणाली, ‘‘भोसरीत लीक टेस्टला बसते. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंग. मशिनिंगच्या आधी ठीक असतात, मशिनिंग झालं की गळतात.’’

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. दुसऱ्याच्या रिजेक्शनची हकीकत ऐकण्यात जो आनंद असतो तो डोशात नाही.

‘‘गळणारच,’’ ते म्हणाले. ‘‘कास्टिंगची वरची कातडी घट्ट असते. आत बारीक पोकळ्या असतात. तुम्ही कातडी सोलली की पोकळी उघडी पडते. गळणाऱ्या मालाचं काय करता?’’

‘‘लाल ट्रेमध्ये टाकतो. परत पाठवतो.’’

‘‘आमच्याकडे पाठवा, आम्ही भरून देतो.’’ गृहस्थांचं इम्प्रेग्नेशनचं छोटं युनिट होतं. कास्टिंग एका बंद भांड्यात ठेवायचं, हवा ओढून घ्यायची, पातळ रेझिन सोडायचं. पोकळ्यांतली हवा गेलेली असते, तिथे रेझिन शिरतं. मग बाहेरून धुऊन गरम पाण्यात धरलं की आतलं रेझिन कडक होतं आणि गळती बंद. हे सगळं त्यांनी तव्याकडे बोट दाखवत सांगितलं. डोसेवाल्यालाही पाठ झालं असेल. मग त्यांनी विचारलं, ‘‘पण मला सांग, बुडबुडा कुठून येतो? दरवेळी एकाच जागेवरून, की आज इथून, उद्या तिथून?’’

इंटर्न गप्प. मीही चटणीपाशी गप्प, कारण आमच्या रजिस्टरमध्ये ‘लीक – नग इतके’ एवढंच लिहिलं जातं. कुठून, हा रकानाच नाही.

‘‘माहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘बघून सांगते.’’

‘‘सांग,’’ म्हणून त्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं आणि मसाला डोसा घेऊन गेले.

त्या संध्याकाळी तिला मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे हे न दिलेलं उत्तर, असं माझं मत आहे. एरवी अशा कार्यक्रमात माणसं बोलणं चोख संपवतात. ‘छान वाटलं भेटून’, ‘नक्की बोलू’, कार्ड घेतलं, कार्ड दिलं, हिशेब चुकता. मग दुसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन बसलं की लिहायला काही सुचत नाही, कारण काही बाकीच राहिलेलं नसतं. तिच्या नावावर मात्र एक प्रश्न उधार होता.

कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर तिने स्कूटरच्या सीटवर सगळी कार्डं पसरली आणि प्रत्येकाच्या मागे लिहायला लागली. कोण, कुठे भेटलं, काय बोलणं झालं. हे त्याच रात्री करावं लागतं. सकाळपर्यंत सगळे चेहरे मिसळून एकच गोल, टक्कल पडलेला, चष्मेवाला चेहरा उरतो. अडचण एवढीच की हल्ली सगळ्यांना कार्ड गुळगुळीत आणि चकचकीत हवं असतं, त्याच्यावर पेन चालत नाही. शाई पसरते, बोटाला लागते, तिथून रूममेटच्या ब्लेझरला. म्हाताऱ्याचं कार्ड साधं, जाडसर, खरबरीत होतं. त्यावर ‘डोसा – बुडबुडा कुठून?’ हे झकास उमटलं. ज्यांनी कार्ड न देता फोनवरचा क्यूआर कोड दाखवला होता त्यांच्या मागे तर काही लिहिताच येत नाही. त्यांच्यासाठी तिने एक वेगळी वही केली.

तिच्या वर्गातल्या एका मुलालाही दुसऱ्या कंपनीकडून पास मिळाला होता. तो हॉलमध्ये पिठाच्या गिरणीवाल्यासारखा एकाच मापाने फिरला होता: प्रत्येकापाशी अर्धं मिनिट, एक कार्ड, पुढे. रात्री अकरा वाजता त्याने सगळ्यांना एकच मेल पाठवला. ‘आदरणीय सर, आज आपल्याला भेटून अतिशय प्रेरणा मिळाली. सोबत बायोडेटा जोडला आहे.’ त्यात दोन मॅडम होत्या. एक केटरर होता. केटररचं उत्तर सगळ्यात आधी आलं: ‘किती माणसांचं आहे?’

आमच्या इंटर्नचा बेत वेगळा होता, पण वेळेची अडचण होती. असला निरोप एक-दोन दिवसांत गेला पाहिजे, नाहीतर समोरच्याला तुमचा चेहरा आठवत नाही, असं सगळेच सांगतात. कार्यक्रम मंगळवारी झाला. बुधवारचा दिवस तिला टाकीपाशी हवा होता. आणि गुरुवारी भोसरीत बहुतेक कारखान्यांना सुट्टी. रविवारी काम आणि गुरुवारी सुट्टी, हे आमचं पंचांग बाहेरच्यांना कळत नाही. गुरुवारी सकाळी ‘कामासंदर्भात’ निरोप पाठवला की तो माणूस दत्ताच्या देवळात रांगेत तरी असतो, नाहीतर झोपलेला तरी. त्यामुळे शुक्रवार. शुक्रवारपर्यंत तो विसरला तर? मी म्हटलं, तुझा चेहरा विसरेल, बुडबुडा विसरणार नाही.

बुधवारी तिने लाल ट्रेमधले चाळीस नग काढले. एकेक नग पुन्हा टाकीत धरला, बुडबुडा जिथून निघाला तिथे मार्करने खूण केली. मग हाउसिंगच्या ड्रॉइंगची एक झेरॉक्स घेऊन सगळ्या खुणा त्या एकाच कागदावर ठिपक्यांनी उतरवल्या. क्वालिटीच्या पुस्तकांत या तक्त्याला गोवराचा तक्ता म्हणतात, कारण ड्रॉइंगला गोवर आल्यासारखा दिसतो. आमच्या ड्रॉइंगला मात्र गोवर नव्हता, गळू होतं. तीसेक ठिपके एकाच जागी: एका जाड बॉसच्या बुडाशी, जिथे आम्ही भोक पाडून आटे काढतो. उरलेले इकडेतिकडे. आमचे प्रॉडक्शन इनचार्ज येऊन कागद पाहून गेले आणि म्हणाले, ‘‘हे तर मला माहीतच होतं.’’ प्रॉडक्शनला सगळंच माहीत असतं. लिहून ठेवायला वेळ नसतो इतकंच.

आता निरोप पाठवायचा कुठे? तिच्या वर्गाचा कौल लिंक्डइनला होता. लिंक्डइनची एक गोम आहे. फुकटच्या खात्यावरून ओळखीच्या विनंतीला चिठ्ठी जोडायची तर ती महिन्याला मोजक्याच वेळा जोडता येते, आणि तिची लांबीही दोन-तीन वाक्यांपलीकडे जात नाही. म्हणजे त्या चिठ्ठ्या जपून वापराव्या लागतात, आणि त्यातली एक अशा माणसावर खर्च करायची ज्याचं खातं पुतण्याने उघडून दिलंय आणि पासवर्ड पुतण्यालाच माहीत आहे, यात अर्थ नव्हता. मोठ्या कंपन्यांतली माणसं लिंक्डइनवर असतात. भोसरीतला युनिटवाला व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. कार्डावर त्याने मेल आयडी छापलेला असतो, पण तो छापायचा असतो म्हणून.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला तिने निरोप लिहिला. मला दाखवला. पहिल्या खर्ड्यात ‘आपल्या बहुमूल्य मार्गदर्शनाबद्दल’ होतं, ते तिने स्वतःच खोडलं. शेवटी पाठवला तो असा:

‘नमस्कार सर. मंगळवारी डोशाच्या रांगेत भेटले होते, भोसरी, लीक टेस्टवाली. तुम्ही विचारलं होतं बुडबुडा एकाच जागेवरून येतो का. 40 नग पुन्हा तपासले. बहुतेक बॉसच्या बुडाशी, फोटो पाठवतेय. तिथे भिंत बाकीपेक्षा जाड आहे. कापून बघावं का, आणि कापायचं तर कुठून?’

यात कोण, कुठे भेटलो, तुमचं देणं काय होतं आणि पुढचा एकच प्रश्न, एवढंच आहे. नोकरीचा शब्द नाही. प्रश्न असा, की ज्याला त्यातलं कळतं त्याला उत्तर दिल्यावाचून राहवणार नाही आणि द्यायला दोन मिनिटं लागतील. ‘आपल्याला वेळ असेल तेव्हा कॉफीसाठी भेटू या’ हा पुस्तकी सल्ला भोसरीत चालत नाही. इथे कुणाला वेळ नसतो आणि कॉफी चहाच्या टपरीवर मिळत नाही.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही. दुपार गेली. इंटर्न दर दहा मिनिटांनी फोन उलटा करून ठेवायची आणि सरळ करून बघायची. या काळात ‘सर?’ असा एकशब्दी निरोप पाठवण्याची जबर इच्छा होते. ती ज्याने आवरली तो अर्धी लढाई जिंकला. संध्याकाळी साडेसातला व्हॉइस नोट आली, मागे कॉम्प्रेसरचा आवाज. ‘‘अगं, हे गॅसचं दिसत नाही. गॅस असता तर ठिपके पसरले असते. जाड जागा शेवटी थंड होते, तिथे धातू आकसतो आणि पोकळी राहते. बॉसच्या मधून उभा छेद घे आणि पॉलिश करून फोटो पाठव. कडा वेड्यावाकड्या दिसतील. आम्ही भरून देऊ, आमचा धंदाच आहे, पण दर महिन्याला भरून घ्यायचं की एकदा डाय सुधारायचा, ते तुमच्या साहेबांना विचार.’’

तिने छेद घेतला, फोटो पाठवला. कडा वेड्यावाकड्याच होत्या. मग त्यांनी चाकणमधल्या एका डाय बनवणाऱ्याचं नाव सांगितलं आणि म्हणाले, मी त्यांना सांगून ठेवतो, तू सोमवारनंतर फोन कर. म्हणजे ज्या माणसाशी तिचं आयुष्यात एक डोसाभर बोलणं झालं होतं, त्याने तिला तिसऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली यावर एक निबंध लिहिला होता. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला कितपत भेटायचा? निम्म्याहून जास्त जण म्हणाले, कधीमधी. चौथा हिस्सा म्हणाला, क्वचितच. नेहमी भेटणाऱ्यांकडून कळलेले शंभरात सतराच. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं; आमच्या कंपनीतल्या सगळ्यांना मिळून एकच डायवाला माहीत होता, आणि बॉस जाड ठेवणारा तो तोच.

बाकीच्या कार्डांचं काय झालं? बहुतेकांचं काही झालं नाही. पोर्टलवाल्या गृहस्थांना तिने लिंक्डइनवर एक चिठ्ठी खर्च केली, दोन ओळी, महिना विचारला. उत्तर आलं नाही. आठवड्याने एकदा आठवण केली. तेव्हाही नाही. मग तिने नाव वहीत खाली घेतलं आणि विषय सोडला. तिसऱ्यांदा आठवण करणारा माणूस लक्षात राहतो, पण वसुलीवाला म्हणून. एका ताईंनी स्वतःहून लिहिलं की तुमच्या वयाची असताना मीही टाकीपाशी बसले होते; त्या आता अधूनमधून बोलतात. आणि म्हाताऱ्यांनी तिला एका ग्रुपमध्ये घातलंय. त्यात रोज पहाटे सव्वापाचला कमळ येतं, शुभ सकाळ येतं, गुरुवारी दत्त येतात. तिने विचारलं, रोज हात जोडायचे का? मी म्हटलं, नाही. ट्रायलचा निकाल लागला की तेवढा कळव, हात त्यात आले.

चाकणच्या डायवाल्याने बॉस आतून पोखरून भिंत सारखी केली. सुधारलेल्या डायचा पहिला लॉट टाकीत गेला त्या दिवशी तिने मोजून बुडबुडे त्याच ड्रॉइंगच्या दुसऱ्या झेरॉक्सवर वेगळ्या रंगाने काढले आणि दोन्ही कागदांचा एक फोटो म्हाताऱ्यांना पाठवला. बॉसपाशी चारच ठिपके होते. त्यांनी त्यावर फक्त अंगठा दाखवला आणि लगेच खाली विचारलं, ‘ते चार कुठले?’ म्हणजे पुन्हा उधारी.

आता प्रॉडक्शन इनचार्जना त्या गृहस्थांचा नंबर हवा आहे. दुसऱ्या एका हाउसिंगला गळती लागलीय, आणि ती कुठून, हे यावेळी त्यांना आधीपासून माहीत नाहीये. ते इंटर्नकडे गेले. ‘‘दे गं नंबर.’’ ती म्हणाली, ‘‘सर, त्यांना आधी विचारते, चालेल म्हणाले की देते.’’ ते तिथून थेट माझ्या टेबलाशी आले. ‘‘काय शिकवलंय तुम्ही तिला? माझ्याच कंपनीतली इंटर्न मला नंबर देत नाही! तुम्ही द्या, तुम्ही होतात ना तिथे?’’

मी होतो ना. पूर्ण वेळ चटणीपाशी होतो. मला त्यांनी कार्ड दिलंच नव्हतं.